तारखा ‘तशाच उतरवा’ म्हणणाऱ्यांना

इतिहासाचा शालेय धडा इंग्रजीतून मराठीत आणायचे काम निघाले की प्रकाशन कचेरीत एक सूचना ठरल्यासारखी येते: मजकुराचे भाषांतर करा, तारखा आणि नावे तशीच उतरवा. आकड्याला भाषा नसते, असे तिचे समर्थन केले जाते. नाव देवनागरीत लिहिले की झाले, उच्चार थोडा इकडेतिकडे गेला तरी मुलाला माणूस कळतो. आणि एवढ्यावरही कोणी शंका काढली, तर शेवटचे उत्तर तयार असते: इयत्ता सातवीच्या मुलाला दहा दिवसांच्या फरकाशी काय देणेघेणे?

या म्हणण्यातला खरा भाग आधी मान्य करायला हवा. भाषांतरकार हा संशोधक नव्हे. मूळ लेखकाने दिलेली तारीख बदलायचा अधिकार त्याला नाही, आणि धड्याचा प्रत्येक आकडा दफ्तरखान्यात जाऊन पडताळायला त्याला कोणी वेळही देत नाही. पण यातून ‘तशीच उतरवा’ हा निष्कर्ष निघत नाही. तारीख नुसता आकडा असती तर तो निघाला असता. तारीख म्हणजे कोणत्या तरी पंचांगातली किंवा कॅलेंडरातली जागा असते, आणि शिवकाळावरच्या एका धड्यात अशी तीन-चार कॅलेंडरे शेजारी शेजारी बसलेली असतात. मराठी आवृत्तीत तर त्यांची गर्दी आणखी वाढते, कारण इंग्रजी धड्यात नसलेली तिथी आणि शक मराठी संपादक हौसेने कंसात घालतो. चूक होते ती बहुतेक याच कंसात.

शिवाजी महाराजांच्या जन्मतारखेवर हे तपासून पाहता येते. जेधे शकावलीनुसार जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, हे शाळेत पाठ करून घेतलेले असते. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. धड्यात मात्र १९ फेब्रुवारी १६३० छापलेले असते. शके वर्ष चैत्रात सुरू होते आणि फाल्गुनात संपते. त्यामुळे पौषाचा काही भाग, माघ आणि फाल्गुन हे पुढच्या इसवी सनात पडतात, आणि तिथे ७८ ऐवजी ७९ मिळवावे लागतात. हे ठाऊक नसलेला संपादक कंसातला शक ‘दुरुस्त’ करून १५५२ करतो, नाहीतर इसवी सनच १६२९ करून टाकतो. दोन्हीकडे मुलाच्या हाती खोटे वर्ष पडते.

इथे ‘तशीच उतरवा’ म्हणणारे सांगतील की म्हणूनच कंस नको, इंग्रजी धड्यातला सन घ्या आणि पुढे चला. पण इंग्रजी सनही तेवढा सरळ नाही. इंग्लंडमध्ये १७५२ सालापर्यंत कायदेशीर वर्ष १ जानेवारीला नव्हे, २५ मार्चला सुरू होत असे. सुरतेवरची पहिली स्वारी जानेवारी १६६४ मधली. सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांच्या हिशेबाने तेव्हा १६६३ साल चालू होते, म्हणून त्या कागदांतले उतारे छापताना जाणते संपादक १६६३-६४ असा जोडसन देतात. धड्यातल्या चौकटीत वखारीच्या पत्राचा उतारा आला आणि त्याखाली १६६३ असेल, तर मुख्य मजकुरातल्या १६६४ शी तो भांडतो. भाषांतरकाराने दोन्ही तसेच उतरवले, तर मराठी पानावर सुरत दोनदा लुटली जाते, लागोपाठच्या दोन वर्षी. सुरतेवर दुसरी स्वारी झाली हे खरे, पण ती १६७० साली. त्यामुळे हा घोटाळा शिक्षकाच्याही सहज लक्षात येत नाही.

यातला खरा फास वेगळाच आहे. शके वर्ष चैत्रात बदलते आणि जुने इंग्रजी वर्ष मार्चअखेर. म्हणजे जानेवारीपासून चैत्रापर्यंत दोन्ही मागेच राहतात. सुरतेच्या स्वारीचा शक १५८५, त्यात यांत्रिकपणे ७८ मिळवले की १६६३. इंग्रजी पत्रावरही १६६३. संभाजी महाराजांच्या मृत्यूची तिथी शके १६१०, फाल्गुन अमावास्या. त्यात ७८ मिळवले की १६८८, जुन्या इंग्रजी गणनेतही १६८८, आणि प्रत्यक्षात तारीख ११ मार्च १६८९. एक मराठी आणि एक इंग्रजी असे दोन स्वतंत्र साक्षीदार एकच वर्ष सांगताहेत, असे पाहून संपादकाचा आत्मविश्वास वाढतो आणि तो मूळ धड्यातले बरोबर वर्ष चुकीचे ठरवतो. म्हणून वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली प्रत्येक घटना वेगळी काढून तपासावी, एवढा एक नियम पाळला तरी सनांच्या बहुतेक चुका थांबतील.

आता दिवसाकडे. एखाद्या धड्याच्या शेवटी कालरेषा असते. तीत या चार नोंदी आहेत असे समजा: जन्म १९ फेब्रुवारी १६३०, राज्याभिषेक ६ जून १६७४, वसईचा विजय १६ मे १७३९, पानिपत १४ जानेवारी १७६१. यातली एकही तारीख चूक नाही. पण पहिल्या दोन जुन्या, म्हणजे ज्युलियन गणनेतल्या आहेत आणि शेवटच्या दोन नव्या, म्हणजे ग्रेगोरियन गणनेतल्या. पोप तेराव्या ग्रेगरीने १५८२ मध्ये कॅलेंडर सुधारले आणि पोर्तुगालने ते लगेच स्वीकारले, तेव्हा गोवा आणि वसईच्या त्यानंतरच्या काळातल्या पोर्तुगीज कागदांतल्या तारखा नव्या गणनेतल्या. इंग्लंडने ते १७५२ मध्ये स्वीकारले. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. शिवकाळातले इंग्रजी कागद त्याआधीचे, म्हणून त्यांतल्या आणि त्यांच्या आधारे लिहिलेल्या शिवचरित्रातल्या तारखा जुन्या राहिल्या. वसईची तारीख पोर्तुगीज कागदावरून घेतली तर १६ मे, आणि जुन्या गणनेने लिहिणाऱ्या इतिहासकाराच्या ग्रंथातून घेतली तर ५ मे.

हा फरक सतराव्या शतकात दहा दिवसांचा आणि १७०० सालच्या फेब्रुवारीअखेरपासून अकरा दिवसांचा. दहा दिवसांनी मुलाचे काय बिघडते, हा प्रश्न इथेच सोडवता येतो. बिघाड मुलाने दहा दिवस चुकवण्यात नसतो. तो मराठी आवृत्ती स्वतःशीच विसंगत होण्यात असतो. धड्यात राज्याभिषेक ६ जूनचा आहे. संपादकाला वाटते, तिथीही द्यावी. तो ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६ ही तिथी पंचांगाच्या संगणकीय आज्ञावलीत घालून पडताळतो. ती नव्या गणनेने चालते, म्हणून ती १६ जून सांगते. मग पानावर ६ जून राहतो आणि स्वाध्यायात १६ जून शिरतो, किंवा तिथी दहा दिवसांनी मागे ओढली जाते आणि त्रयोदशीची तृतीया होते. शिक्षक वर्गात कोणते उत्तर बरोबर देणार?

अशी चूक ओळखायची एक साधी खूण आहे: वार. कॅलेंडर बदलले, तारखा उड्या मारत गेल्या, पण वारांची साखळी कुठेच तुटलेली नाही. इंग्लंडमध्ये २ सप्टेंबर १७५२ बुधवार होता आणि दुसऱ्या दिवशीचा १४ सप्टेंबर गुरुवारच होता. शकावलीत जन्माचा वार शुक्रवार दिला आहे. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख नव्या गणनेने चालवली तर मंगळवार येतो. म्हणजे ती नव्या गणनेतली नाही. दहा दिवस पुढे जाऊन १ मार्च १६३० चा वार काढला की शुक्रवार मिळतो. राज्याभिषेकाची ६ जून ही तारीख याच रीतीने १६ जून म्हणून तपासली तर शनिवार येतो, आणि ३ एप्रिल १६८० या मृत्युदिनाचाही शनिवारच. ही पडताळणी कागद-पेन्सिलीने किंवा फोनवरच्या कॅलेंडरने काही मिनिटांत होते. तिला दफ्तरखाना लागत नाही.

राज्याभिषेकाच्या वारातच आणखी एक गाठ आहे, आणि ती सोडवल्याशिवाय पुढे जाणारे संपादक पुष्कळ. शकावलीत सिंहासनारोहण ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली असताना, असे नोंदले आहे. आज आपण त्रयोदशी आणि शनिवार म्हणतो. यात चूक कोणाचीच नाही. आपल्याकडे जुन्या पद्धतीने वार सूर्योदयाला बदलतो, इंग्रजी दिवस मध्यरात्री. तीन घटिका म्हणजे बहात्तर मिनिटे. सूर्य उगवायला सव्वा तास होता, म्हणून शकावलीच्या लेखी अजून शुक्रवारच होता आणि घड्याळाच्या लेखी शनिवार, ६ जून सुरू होऊन काही तास झाले होते. हे समजून घेतलेला भाषांतरकार ‘शुक्रवार, ६ जून’ असे दिसले की थांबतो. एक वार सूर्योदयाचा आणि एक तारीख मध्यरात्रीची असे मिश्रण तो छापत नाही. आणि हीच गोष्ट चार ओळींच्या चौकटीत सांगितली, तर सातवीच्या मुलाला त्यात दहा दिवसांच्या फरकापेक्षा किती तरी जास्त रस वाटेल.

मग सगळ्या तारखा नव्या गणनेत बदलून टाकाव्यात का? असा आग्रह धरणारेही भेटतात, आणि दुसऱ्या टोकाला ‘आपल्या इतिहासाला आपली तिथीच हवी’ म्हणून इंग्रजी तारखा काढून टाकायला निघालेलेही भेटतात. दोन्ही आग्रह शाळेच्या पुस्तकाला घातक आहेत. १९ फेब्रुवारीला महाराष्ट्रात सरकारी सुट्टी असते. पुस्तकात १ मार्च छापला तर मुलाला ते पुस्तक चुकीचे वाटेल, आणि त्याच्या दृष्टीने ते रास्तच आहे. नुसती तिथी दिली तर त्याच कालरेषेवर युरोपातली घटना कुठे ठेवायची, ते कळणार नाही. मधला मार्ग नीरस आहे, पण टिकाऊ आहे: प्रत्येक घटनेसाठी रूढ तारीख ठेवायची, तिथी द्यायची तर मूळ साधनातून घ्यायची, तारखेवरून तिथी किंवा तिथीवरून तारीख स्वतः बनवायची नाही, आणि पुस्तकाच्या सुरुवातीला दोन वाक्यांत सांगायचे की १७५२ पूर्वीच्या कोणत्या तारखा जुन्या गणनेतल्या आहेत. संशोधकांनी शिवकाळाच्या जंत्र्या याच कामासाठी तयार केल्या. जंत्री हाती घेतली की तिचा इंग्रजी रकाना जुन्या गणनेचा आहे की नव्या, एवढे मात्र आधी पाहायला हवे.

सनांच्या नावांबाबतही ‘तसेच उतरवा’ हे चालत नाही. मराठ्यांच्या पत्रांत वर्ष अरबी संख्यानामांनी लिहीत. त्याला शुहूर सन म्हणतात. पानिपतच्या वर्षाला ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणत: एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. इंग्रजी धड्यातल्या चित्राखाली ‘अरबी वर्ष ११६१’ एवढेच असते. अरबी दिसले की भाषांतरकाराची लेखणी आपसूक ‘हिजरी’ लिहिते, आणि तिथे तेरा वर्षांची चूक होते. हिजरी ११६१ म्हणजे इसवी सन १७४८. तेव्हा छत्रपती शाहू हयात होते आणि पानिपतची मोहीम कोणाच्या स्वप्नातही नव्हती. शुहूर सन हिजरीच्या नावांनी चालतो, पण तो सौर आहे. सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपत जानेवारीतले, म्हणून ११६१ अधिक ६००, बरोबर १७६१. सनाचे नाव चुकले की आकडा अचूक उतरवूनही वर्ष चुकते, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

इसवी सनाच्या बाबतीत वाद उलटा आहे. अलीकडच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत ख्रिस्ताचे नाव टाळून ‘सामान्य युग’ अशा अर्थाची संक्षेपाक्षरे येतात, आणि काही भाषांतरकार त्यासाठी मराठीत नवी अक्षरे पाडतात. इथे वर्षाचा आकडा जराही बदलत नाही, फक्त पाटी बदलते. मराठी शाळेत ‘इ.स.’ आणि ‘इ.स.पू.’ पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले आहेत. ते ठेवले तर काही बिघडत नाही, आणि नवे घेतले तरी इतिहास बदलत नाही. बिघडते ते दोन्ही घेतल्यावर. हडप्पाच्या धड्यात एक पाटी आणि मौर्यांच्या धड्यात दुसरी असली, तर मुलाला तिथे दोन निरनिराळे सन आहेत असे वाटते आणि तो त्यांची वजाबाकी करू लागतो.

नावांच्या बाबतीत प्रतिपक्षाचा युक्तिवाद थोडा वेगळा असतो. तारखेत अर्थ असेल, पण नावाचे लेखन हा निव्वळ मुद्रितशोधनाचा प्रश्न आहे, शेवटी संगणकावर शोधून बदलता येतो, असे ते म्हणतात. मराठीत तो तसा बदलता येत नाही. ‘सातारा’ शोधणाऱ्याला ‘साताऱ्याला’, ‘साताऱ्यातून’ सापडत नाहीत, कारण विभक्ती लागताच नावाचे अंगच बदलते. शिवाय ‘साताऱ्याला’ या शब्दातला र्‍य संगणकावर दोन रीतींनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, शोधयंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. ‘अफजलखान’ हे रूप ठरवले, तरी धड्यात ‘अफझल खानाने’ आणि ‘अफजल खानाच्या’ लपून राहतात. शायिस्ताखान, शाहिस्तेखान, शास्ताखान ही तिन्ही रूपे मराठी ग्रंथांत आहेत. प्रश्न त्यातले शुद्ध कोणते हा नाही. एका पुस्तकात एकच हवे, आणि ते भाषांतर सुरू होण्यापूर्वी ठरलेले हवे.

शोधून बदलण्याचा याहून मोठा धोका उलट दिशेचा आहे. एका माणसाला दोन नावे पडण्याइतकेच दोन माणसांना एक नाव पडणे वाईट, आणि यंत्र नेमके तेच करते. सातारचे छत्रपती शाहू १६८२ ते १७४९ या काळातले, कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८७४ ते १९२२ मधले. सरसकट ‘छत्रपती शाहू महाराज’ केले की दोघे मिसळतात. १६६४ मध्ये सुरतेच्या वखारीचा प्रमुख जॉर्ज ऑक्झिंडन होता, आणि १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिलेला हेन्री ऑक्झिंडन. इंग्रजीतही या आडनावाची दोन स्पेलिंगे चालतात. धड्यात एकीकडे नुसते आडनाव आले, तर दहा वर्षांच्या अंतराने तोच माणूस परत आला असे मुलगा समजेल.

गावांची आणि प्रदेशांची नावे तर देवनागरीत ‘उतरवली’ की हमखास फसवतात. ‘बसीन’ म्हणजे वसई, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण ‘साल्सेट’ म्हणजे कोणते? मुंबई-ठाण्याची साष्टी की गोव्यातली सासष्टी? दोन्ही पोर्तुगीजांकडे होत्या, आणि १७३९ च्या मोहिमेच्या वर्णनात दोन्हींचा उल्लेख येऊ शकतो. इंग्रजी स्पेलिंगवर विसंबून राहणे धोक्याचे; संदर्भ पाहून ठरवायचे आणि पहिल्या उल्लेखाला ‘ठाण्याची’ किंवा ‘गोव्यातली’ जोडायचे. ‘कर्नाटक’ हे नाव त्याहून अवघड. १६७७ च्या ज्या मोहिमेला इंग्रजी पुस्तके त्या नावाने ओळखतात, तीत जिंजी आणि वेल्लोर आहेत, आणि ती दोन्ही आज तमिळनाडूत आहेत. मराठी इतिहासातही ‘कर्नाटक’ हा जुना, व्यापक अर्थाचा शब्द आहे, म्हणून तो काढून टाकायचे कारण नाही. पण शेजारी आजच्या राज्याचा नकाशा असेल, तर एका ओळीचा खुलासा हवाच, नाहीतर मुले जिंजी बेळगावच्या आसपास शोधत बसतील.

एवढ्या सगळ्याला वेळ कुठून आणायचा, हा आक्षेप शेवटी उरतो. एका धड्यात तीसेक व्यक्ती, पंधरा-वीस ठिकाणे आणि दहा-बारा तारखा असतात असे धरले, तर त्यांचा तक्ता दोन पानांत मावतो: इंग्रजी रूप, ठरलेले मराठी रूप, त्याचे सामान्यरूप, तारीख असल्यास गणना आणि वार. तो भाषांतर सुरू होण्यापूर्वी करावा लागतो, एवढीच अट. नंतर केला तर तो मुद्रितांच्या मागे धावत राहतो. आणि तो मजकुराच्या भाषांतरकारापुरता ठेवूनही भागत नाही. धड्याचा मजकूर एकाकडे, स्वाध्याय दुसऱ्याकडे आणि नकाशा चित्रकाराकडे जातो. नकाशावरची अक्षरे चित्रातच बसवलेली असल्यामुळे कोणत्याही शोधात सापडत नाहीत. मजकुरात वसई आणि नकाशावर ‘बसीन’ राहते ते याच वाटेने, म्हणून तक्त्याची पहिली प्रत चित्रकाराच्या हाती जायला हवी.